डोक्यातील नायटा आणि औषधी शाम्पू : फेस किती मिनिटे ठेवायचा, आठवड्यातून किती वेळा?

कळंब्याची_अनघा (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार. माझा मुलगा सात वर्षांचा असून दुसरीत शिकतो. दिवाळीनंतर त्याच्या टाळूच्या थोडे मागे रुपयाच्या नाण्याएवढा एक चट्टा दिसू लागला. त्यावर पांढुरके खवले होते आणि तेथील केस कातरल्यासारखे मुळाजवळ तुटलेले होते. त्वचारोगतज्ज्ञांनी तपासून तो डोक्यातील नायटा असल्याचे सांगितले आणि दोन टक्क्यांचा केटोकोनाझोल शाम्पू लिहून दिला. आठवड्यातून दोन वेळा लावावा आणि फेस पाच मिनिटे ठेवून धुवावा, असे कागदावर स्पष्ट लिहिलेले आहे. सोबत पोटातून घेण्याच्या गोळ्याही दिल्या होत्या.

आज बरोबर चार आठवडे झाले. खाज पुष्कळ कमी झाली आहे, परंतु चट्टा आहे तेवढाच आहे आणि बोट फिरवले की खुंट हाताला लागतात. पाच मिनिटे हा काळ सात वर्षांच्या मुलासाठी फार मोठा असतो. फेस डोळ्यांत उतरतो, तो रडतो आणि दोन मिनिटांतच पाणी ओतावे लागते. तेव्हा मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. फेस नेमका कसा काढावा, पाच मिनिटे कोणत्या क्षणापासून मोजावीत, आणि वेळ पाळली जात नसेल तर दोनऐवजी रोज शाम्पू लावला तर चालेल का? आमच्याकडे बोअरचे पाणी आहे, त्यात फेस फारसा येत नाही, हेही सांगून ठेवते.

शिरोळकर_बापू (सोमवार, रात्री १०.०५)

अनघाताई, रोज लावण्यास काहीच हरकत नाही. माझ्या पाठीवर आणि खांद्यांवर शिबे आले होते, तेव्हा मला सेलेनियमचा शाम्पू दिला होता. तो रोज अंगाला लावून दहा मिनिटे ठेवायचा आणि धुऊन टाकायचा, असे सलग सात दिवस करायला सांगितले होते. मी ते तंतोतंत पाळले आणि पुढे डाग हळूहळू त्वचेच्या रंगात मिसळून गेले. बुरशीचाच आजार असल्याने मुलालाही तसेच दहा मिनिटे आणि रोज करून पाहावे.

माधुरी_इचलकरंजी (सोमवार, रात्री १०.२०)

शाळेतल्या मुलांमध्ये हे फार पसरते. आमच्या मुलीच्या वेळी शाम्पू लावून दहा मिनिटे ठेवला, नंतर ओल्या केसांतून बारीक फणी फिरवली आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा लावला. फणी फिरवताना पांढऱ्या कागदावर केस झटकले म्हणजे किती निघाल्या ते कळते. फणीशिवाय नुसत्या शाम्पूवर विसंबू नये.

कळंब्याची_अनघा (सोमवार, रात्री १०.३१)

माधुरीताई, आपण उवांबद्दल लिहीत आहात असे वाटते. माझ्या मुलाच्या डोक्यात उवा नाहीत, नायटा आहे.

माधुरी_इचलकरंजी (सोमवार, रात्री १०.३८)

क्षमा असावी, मी शीर्षक नीट न वाचता लिहिले. उवांचा शाम्पू येथे उपयोगाचा नाही, तेव्हा माझा प्रतिसाद कोणी अमलात आणू नये.

राजारामपुरीचा_औषधविक्रेता (मंगळवार, सकाळी ८.१५)

बापूंनी सांगितलेले त्यांच्या शिब्यांसाठी योग्यच आहे, पण ते मुलाच्या डोक्याला लागू होत नाही. मिनिटे औषधाप्रमाणे आणि आजाराप्रमाणे बदलतात. केटोकोनाझोलच्या त्याच बाटलीवर कोंड्यासाठी तीन ते पाच मिनिटे आणि आठवड्यातून दोनदा, असे दोन ते चार आठवडे लावावे आणि नंतर आठवड्या-पंधरवड्यातून एकदा, असे छापलेले असते. दुकानात येणारे पुष्कळ जण एका बाटलीवरचा वेळ दुसऱ्या बाटलीला लावतात, म्हणून हे आवर्जून लिहिले. चिठ्ठीवर जे लिहिले आहे तेच पाळावे.

रोज लावल्याने दुप्पट फायदा होत नाही. हे औषध केसांच्या आणि त्वचेच्या वरच्या थराला काही काळ धरून राहते, म्हणूनच मधे तीन-चार दिवसांचे अंतर ठेवलेले असते. रोज लावले तर डोक्याची कातडी कोरडी पडते, खाज वाढते आणि ती आजाराची खाज आहे की शाम्पूची, हे कोणालाच सांगता येत नाही.

बोअरच्या पाण्याविषयी सांगायचे, तर फेस कमी आला म्हणजे औषध कमी लागले असे नाही. फेस ही शाम्पूतील साबणाची गोष्ट आहे आणि औषध त्याहून वेगळे. फेस वाढवण्यासाठी बाटली उपडी करू नये. हवे तर त्या दोन दिवसांपुरते नळाचे पाणी एका बादलीत वेगळे भरून ठेवावे.

त्वचाविभागातील_परिचारिका (मंगळवार, दुपारी २.५०)

मी सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग बाह्यरुग्ण विभागात अनेक वर्षे काम करून आता निवृत्त झाले आहे. अनघा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर देते, पण त्याआधी मला एक विचारायचे आहे. ‘गोळ्याही दिल्या होत्या’ असे तुम्ही भूतकाळात लिहिले आहे. त्या गोळ्या अजून चालू आहेत ना?

आता फेसाविषयी. आमच्याकडे येणाऱ्या आयांना मी मुलाला बसवण्याऐवजी आडवे निजवायला सांगत असे. न्हाणीघराच्या दाराशी पाटावर किंवा बाकावर मुलाला उताणे झोपवावे, मानेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवावा आणि डोके काठाबाहेर येऊ द्यावे, म्हणजे पाणी मागे बादलीत पडते आणि डोळ्यांकडे येतच नाही. कपाळावर कोरड्या पंचाची घडी ठेवून ती मुलालाच दोन्ही हातांनी धरायला लावावी. हाताला काम मिळाले की मूल निम्मे शांत होते.

केसांना तेल असेल तर आधी नेहमीच्या शाम्पूने एकदा धुऊन घ्यावे, कारण तेलकट डोक्यावर औषधी शाम्पू नुसता वरून सरकतो. मग ओल्या डोक्यावर छोटा चमचाभर शाम्पू तळहातावर घेऊन, दोन्ही हातांना चोळून, बोटांच्या पेरांनी डोक्याच्या कातडीवर लावावा. नखे लावू नयेत. तो केवळ चट्ट्यावर लावून थांबू नये. कपाळाच्या कडेपासून मानेपर्यंत आणि कानांच्या मागेही लावावा, कारण निरोगी दिसणाऱ्या केसांवरही बीजाणू पडलेले असतात. सगळ्या डोक्याला फेस लागला की तेव्हापासून घड्याळ पाहावे. बाटली उघडल्यापासूनची मिनिटे मोजली, तर निम्मा वेळ चोळण्यातच जातो. पाच मिनिटांनंतर कोमट पाण्याने भरपूर धुवावे.

शिरोळकर_बापू (मंगळवार, दुपारी ३.३०)

औषधविक्रेत्यांचे म्हणणे मान्य आहे. माझा त्रास पाठीचा होता आणि शाम्पूही वेगळा होता, हे मी लक्षात घ्यायला हवे होते. त्या शाम्पूच्या वेळी अंगठी आणि गळ्यातील चांदीची साखळी काढून ठेवायला सांगितले होते, तेवढे मात्र सेलेनियम वापरणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

शाहूपुरी_आजी (मंगळवार, सायंकाळी ५.१०)

मुली, केस गोल जागेत जातात त्याला आमच्या काळी चाई म्हणत. डोके तुळतुळीत करून चट्ट्यावर कांद्याचा रस चोळला की केस परत येत. माझ्या भावाला असेच झाले होते आणि त्याचे केस परत आले. शाम्पूची पाच मिनिटे मोजत बसण्यापेक्षा हे सोपे आहे.

त्वचाविभागातील_परिचारिका (मंगळवार, सायंकाळी ६.००)

आजी, आपल्या भावाचे केस परत आले असतील यात मला शंका नाही, कारण चाईतले केस पुष्कळदा आपणहून परत येतात. परंतु चाईचा चट्टा गुळगुळीत असतो. त्यावर खवले नसतात आणि बोटाला खुंट लागत नाहीत. अनघा यांनी लिहिलेला चट्टा खवल्यांचा आणि तुटक्या केसांचा आहे, तेव्हा ही दोन निराळी दुखणी आहेत. नायट्याच्या सुजलेल्या कातडीवर कांद्याचा रस चोळला तर ती पोळेल आणि मूल डोक्याला हातही लावू देणार नाही. डोके तुळतुळीत करण्याचीही गरज नसते. केस बारीक कापून घेतले तर शाम्पू कातडीपर्यंत नीट पोहोचतो, एवढे पुरे.

कळंब्याची_अनघा (मंगळवार, रात्री ९.१५)

ताई, आपण अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवले. गोळ्या बंद आहेत. सहा आठवडे द्यायला सांगितल्या होत्या, पण पंधरा-सोळा दिवसांत खाज थांबली आणि त्याला मळमळल्यासारखे होऊ लागले. सासूबाईंचेही म्हणणे असे पडले की एवढ्या लहान वयात पोटातून इतकी औषधे कशाला, बाहेरून लावायचे औषध आहेच की. मलाही ते पटले. म्हणून गोळ्या थांबवून शाम्पू मात्र मी न चुकता चालू ठेवला. मी चुकले का?

सूक्ष्मदर्शक (मंगळवार, रात्री १०.४०)

मी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे आणि अशा मुलांचे केस काचेवर पाहणे हे माझे नेहमीचे काम आहे. चट्ट्यातील तुटका केस चिमट्याने काढून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवून थोडा वेळ जाऊ दिला की केस पारदर्शक होतो. मग दिसते की बुरशीचे गोल बीजाणू केसाच्या वर नसून केसाच्या आतच आहेत, शेंगेत दाणे ठासून भरावेत तसे. काही जातींमध्ये ते केसाभोवती बाहेरूनही असतात, पण आपल्याकडच्या मुलांच्या केसांत मला बहुतेक वेळा ते आतच सापडतात. केस मुळाजवळच तुटतो तो यामुळेच, कारण तो आतून पोखरलेला असतो.

आता विचार करावा की पाच मिनिटे डोक्यावर असलेला फेस या केसाच्या आत, तेही कातडीच्या खाली मुळापर्यंत कसा जाईल? तो जात नाही. शाम्पू वरचे बीजाणू मारतो, त्यामुळे ते उशीवर, टोपीवर आणि शेजारच्या मुलाच्या डोक्यावर कमी पडतात. त्याचे काम तेवढे आहे, आणि ते महत्त्वाचे आहे. मुळातील बुरशीपर्यंत रक्तावाटे गेलेले औषधच पोहोचते. 1958 मध्ये ग्रिसिओफल्विन ही गोळी माणसांच्या नायट्यावर वापरात येईपर्यंत, डोक्यातील नायटा झालेल्या मुलांचे केस क्ष-किरणांनी गाळून टाकत असत. वरून लावायची औषधे तेव्हाही होती, पण ती पुरत नव्हती.

त्वचाविभागातील_परिचारिका (बुधवार, सकाळी ७.२०)

अनघा, स्वतःला दोष देऊ नका. खाज थांबली की गोळ्या थांबवणाऱ्या आया मी फार पाहिल्या आहेत आणि प्रत्येकीने ते मुलाच्या काळजीपोटीच केले होते. खाज आधी थांबते, पण बुरशी मागे राहते. तुमच्या कागदावर ग्रिसिओफल्विन असेल, तर ते नव्याने तयार होणाऱ्या केसात मुरते आणि त्या नव्या भागात बुरशीला शिरता येत नाही. डोक्याचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे पोखरलेला जुना भाग वर सरकून कापला जाईपर्यंत आणि मुळापासून निरोगी केस येईपर्यंत सहा ते आठ आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. चार आठवड्यांनी चट्टा तेवढाच दिसणे हे गोळ्या चालू असतानाही घडू शकते. तुमच्या बाबतीत मात्र त्या मधेच थांबल्या आहेत.

मळमळीबद्दल डॉक्टरांना सांगा. ही गोळी जेवणानंतर, तेही दूध किंवा तुपाचा अंश असलेल्या जेवणानंतर दिली तर अंगी अधिक लागते. रिकाम्या पोटी देत होतात का? उरलेल्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नका. मात्रा वजनावर ठरते आणि मधे खंड पडल्यामुळे किती दिवस द्यायच्या हे त्यांनीच ठरवायला हवे.

तांबडी_माती (बुधवार, दुपारी १.०५)

गोळ्यांबाबत माझ्या पुतण्याचे उदाहरण सांगतो. तो तालमीत जातो. अंगाला अंग घासते, एकाची टोपी दुसरा घालतो, एकाच पंचाने चौघे जण डोके पुसतात, त्यामुळे नायटा एकाकडून दुसऱ्याकडे जायला वेळ लागत नाही. त्याच्या डोक्यावर आधी चट्टा आला. आम्ही घरच्या घरी कोंड्याचा शाम्पू लावत राहिलो. महिनाभरात तेथे लिंबाएवढी मऊ, दुखरी गाठ आली, तिच्या छिद्राछिद्रांतून पू येऊ लागला, मानेच्या गाठी सुजल्या आणि ताप आला. एका दवाखान्यात ते गळू समजून चिरा दिला. पू थोडाच निघाला आणि गाठ तशीच राहिली. पुढे त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले, तेव्हा कळले की हा नायट्याचाच भडकलेला प्रकार असून त्याला चिरा देण्याची गरज नव्हती, पोटातील गोळ्यांची गरज होती. आठ आठवड्यांत तो बरा झाला, पण चिऱ्याच्या जागी पैशाएवढ्या भागात आज दोन वर्षे झाली तरी केस नाहीत.

म्हणून अनघाताई, चट्टा मऊ, सुजलेला किंवा ओलसर वाटू लागला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

राजारामपुरीचा_औषधविक्रेता (बुधवार, दुपारी २.४५)

तांबडी माती यांच्या प्रतिसादाला एक जोड देतो. अशा चट्ट्यासाठी लोक तीन-चार औषधे एकत्र असलेले मलम मागतात. त्यातील अनेकांत स्टेरॉइड असते. त्याने लाली आणि खाज दोन दिवसांत दबते, आई निर्धास्त होते आणि बुरशी आत पसरत राहते. पुढे तपासणाऱ्या डॉक्टरांनाही चट्ट्याचे रूप बदललेले दिसते. मी ते मलम चिठ्ठीशिवाय देत नाही, आणि त्यामुळे काही गिऱ्हाइके नाराज होऊन शेजारच्या दुकानात जातात.

कळंब्याची_अनघा (शुक्रवार, रात्री ८.३०)

काल डॉक्टरांकडे जाऊन आले आणि गोळ्या थांबवल्याचे स्पष्ट सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी चट्ट्यातील केस आणि खवले पुन्हा तपासायला घेतले आणि गोळ्यांचा काळ आजपासून नव्याने मोजायचा असे सांगितले. मी खरोखरच शाळेत जाण्यापूर्वी रिकाम्या पोटी गोळी देत होते. आता रात्रीच्या जेवणानंतर दुधासोबत देत आहे आणि दोन दिवसांत मळमळ झालेली नाही. काल संध्याकाळी परिचारिकाताईंनी सांगितल्याप्रमाणे त्याला पाटावर निजवून शाम्पू लावला. पंचाची घडी त्याने स्वतः धरली आणि पाच मिनिटे पूर्ण झाली.

परंतु सोबत गेलेल्या माझ्या चार वर्षांच्या मुलीचे डोके डॉक्टरांनी सहज पाहिले, तर कानामागे तिलाही खवल्यांचा लहान चट्टा निघाला. भाऊबहीण एकच कंगवा वापरतात. तिचेही केस तपासायला दिले आहेत. आता घरातल्या सगळ्यांनी शाम्पू लावावा का?

त्वचाविभागातील_परिचारिका (शुक्रवार, रात्री ९.१०)

आमच्या विभागात घरातील सगळ्या मुलांची डोकी पाहत असत आणि चट्टा नसलेल्या मुलांनाही काही आठवडे हाच शाम्पू आठवड्यातून दोनदा लावायला सांगत असत, कारण चट्टा न दिसता डोक्यावर बीजाणू बाळगणारी मुले आणि मोठी माणसेही असतात. कंगवे वेगळे करावेत, जुना कंगवा टाकून द्यावा, उशीचे अभ्रे आणि टोप्या गरम पाण्यात धुवाव्यात.

राजारामपुरीचा_औषधविक्रेता (शुक्रवार, रात्री ९.४०)

माझ्याकडे येणाऱ्या सगळ्याच चिठ्ठ्या तशा नसतात. काही डॉक्टर फक्त चट्टा असलेल्यांनाच शाम्पू देतात आणि बाकीच्यांवर लक्ष ठेवायला सांगतात. मोठ्या एकत्र कुटुंबात आठ जणांनी आठवड्यातून दोनदा लावायचा म्हटले तर खर्चही कमी नाही. अनघाताईंनी आपल्या डॉक्टरांनाच विचारलेले बरे.

शिरोळकर_बापू (शुक्रवार, रात्री १०.००)

शाळेचे काय करावे? माझ्या माहितीप्रमाणे चट्टा पूर्ण जाईपर्यंत मुलाला घरीच ठेवावे लागते.

त्वचाविभागातील_परिचारिका (शुक्रवार, रात्री १०.१५)

बापू, दोन महिने शाळा बुडवण्याची गरज नसते. गोळ्या आणि शाम्पू दोन्ही सुरू झाले की डॉक्टर बहुधा शाळेत जाऊ देतात. टोपी, कंगवा आणि टॉवेल कोणाशी वाटून घ्यायचे नाहीत, एवढे पाळावे. तालमीचे मात्र वेगळे आहे, तेथे डोक्याला डोके लागते, तेव्हा डॉक्टर होकार देईपर्यंत थांबावे.

कळंब्याची_अनघा (पाच आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी १०.२०)

धागा वर आणल्याबद्दल क्षमस्व. मुलाच्या चट्ट्यावरचे खवले गेले आहेत आणि कडेने बारीक, मऊ केस उगवले आहेत. बोट फिरवले की आता खुंट टोचत नाहीत. गोळ्या अजून चालू आहेत. पुढच्या आठवड्यात केस पुन्हा काचेवर पाहून त्या थांबवायच्या की नाही ते ठरणार आहे, आणि या वेळी ते मी ठरवणार नाही. मुलीच्या केसांतही बुरशी सापडली, म्हणून तिलाही वजनाप्रमाणे औषध चालू आहे. सासूबाई आता स्वतः रात्री दोघांच्या दुधाची आठवण ठेवतात. डोक्याला तेल लावणे त्यांनी पूर्ण थांबवलेले नाही, पण शाम्पूच्या आदल्या दिवशी लावत नाहीत.

अडचण एवढीच उरली आहे की मुलगी पाटावर दोन मिनिटांहून अधिक निजत नाही. पंचाची घडी ती फेकून देते. चार वर्षांच्या मुलीला पाच मिनिटे कसे थांबवावे?

तांबडी_माती (रविवार, सकाळी ११.००)

आमच्या घरी पुतण्याच्या धाकट्या बहिणीला आम्ही दादाच्या शेजारीच निजवत असू आणि दोघांना एकाच वेळी फेस लावत असू. दादा उठेपर्यंत ती उठत नसे.

माधुरी_इचलकरंजी (रविवार, सकाळी ११.४०)

माझ्या मुलीच्या बाहुलीच्या डोक्यालाही मी साधा फेस लावून देत असे. बाहुलीची पाच मिनिटे ती स्वतः मोजत असे. हा अनुभव उवांच्या वेळचा आहे, पण येथे उपयोगी पडेल असे वाटते.

कळंब्याची_अनघा (बुधवार, रात्री ८.०५)

आज दोघांना शेजारी शेजारी निजवले आणि बाहुलीलाही पाटावर जागा दिली. चार मिनिटे आणि काही सेकंद झाले. शनिवारी पुन्हा लावायचा आहे, तेव्हा पाच पूर्ण होतात का ते पाहते.